जादा पंधरा हजार: कर्जात भरायचे की फंडात?

घरकर्जाचा हप्ता गेला, घरखर्च भागला आणि तरीही महिन्याला पंधरा हजार उरू लागले, तर ते कर्ज लवकर फेडायला वापरावेत की म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू करावी? माझा भाचा आणि त्याची बायको गेले काही महिने याच प्रश्नावर अडले आहेत. बडोद्यात भायलीला त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. तो मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला आहे आणि ती खासगी शाळेत शिकवते. त्याचे म्हणणे, "मामा, फंडात बारा टक्के मिळतात आणि कर्ज आठ टक्क्यांचं आहे. मग फेडायची घाई कशाला?" तिचे म्हणणे, "कर्ज ते कर्जच. आधी ते डोक्यावरून उतरू दे."

माझी सारी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे दोन्ही बाजू मी पुष्कळ ऐकल्या आहेत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण बारा वजा आठ म्हणजे चार टक्के नफा हा त्याचा हिशेब चुकीचा आहे. कर, व्याज आकारण्याची पद्धत आणि मधल्या काळातली अडचण धरली की चित्र बरेच बदलते. त्यांचेच आकडे घेऊन ते दाखवतो.

शिल्लक कर्ज ४० लाख, उरलेली मुदत १५ वर्षे, व्याजदर ८ टक्के, हप्ता ३८,२२६ रुपये. कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. त्याचा पगार वर्षाला १६ लाख.

आधी दर तपासा

हे आठ टक्के आले कुठून, ते पाहू. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची घरकर्जे बाहेरच्या मानकाला जोडलेली असतात आणि बहुतेक ठिकाणी ते मानक म्हणजे रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने खाली आणला आणि डिसेंबरात ५.२५ टक्के केला. भाच्याच्या करारात रेपोवर २.७५ टक्क्यांचा स्प्रेड, म्हणजे बँकेने वर लावलेली भर आहे. दोन्ही मिळून आठ.

रेपो बँकेच्या हातात नसतो, स्प्रेड असतो. नवा ग्राहक ओढण्यासाठी बँक कमी स्प्रेड देते आणि जुना ग्राहक वर्षानुवर्षे जुन्याच स्प्रेडवर राहतो, कारण तो विचारत नाही. शाखेत अर्ज देऊन थोडे शुल्क भरले की बऱ्याचदा स्प्रेड कमी करून मिळतो. नाही मिळाला तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा रस्ता खुला असतो. दर ८ चा ७.४ झाला, तर ४० लाखांवर पहिल्याच वर्षी सुमारे २४ हजार वाचतात. प्रीपेमेंट की फंड हा वाद घालण्याआधी करायचे काम हे आहे, कारण त्यात जोखीम काहीच नाही. भाच्याने अर्ज दिला आहे, अजून उत्तर आलेले नाही, म्हणून पुढचा हिशेब आठ टक्क्यांवरच करतो.

कर्जात भरले तर

बदलत्या दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. बँकांना हा नियम २०१२ पासून लागू आहे. ठरावीक मुदतीसाठी स्थिर दर घेतला असेल तर दंड लागू शकतो, तेव्हा करार वाचून घ्यावा.

आता एका महिन्याचे उदाहरण पाहू. ४० लाखांवर महिन्याचे व्याज २६,६६७ रुपये होते. ३८,२२६ च्या हप्त्यातून ते वजा जाऊन मुद्दल फिटते फक्त ११,५५९. त्या महिन्यात जादा पंधरा हजार भरले, तर पुढच्या महिन्याचे व्याज न भरता जितके लागले असते त्याहून बरोबर शंभर रुपयांनी कमी लागते. पंधरा हजारांवर आठ टक्क्यांनी महिन्याचे व्याज शंभरच होते. हा शंभराचा आकडा लक्षात ठेवा. भरलेले पैसे मुद्दलात गेले की नाही, हे त्यावरूनच कळते.

दर महिन्याला असे पंधरा हजार भरत राहिले, तर १८० हप्त्यांचे कर्ज १०५ व्या महिन्यात संपते. म्हणजे पंधरा वर्षांचे काम पावणेनऊ वर्षांत होते. एकूण व्याज २८.८१ लाखांवरून १५.६९ लाखांवर येते, म्हणजे १३.१२ लाखांची बचत.

हा तेरा लाखांचा आकडा कागदावर दिसला की लोक हरखतात. पण त्याची फंडाच्या रकमेशी थेट तुलना करू नये. हे तेरा लाख आज मिळत नाहीत. त्यातले बरेचसे नवव्या ते पंधराव्या वर्षातल्या हप्त्यांमधले आहेत, आणि तेव्हाच्या रुपयाची किंमत आजच्याइतकी नसते. उलट बाजूने फंडाचा एजंट "पंधरा वर्षांनी एवढे लाख" असा आकडा दाखवतो, त्यातही तीच गफलत असते. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते दोन वेगवेगळ्या वेळचे असतात. तुलना करायची तर एकच दिवस धरायला हवा.

तो दिवस म्हणजे १०५ वा महिना. कर्ज फेडणाऱ्याचे त्या दिवशी देणे शून्य असते आणि शेवटचा हप्ता छोटा असल्यामुळे हातात २०,०७० रुपये उरतात. एसआयपी करणाऱ्याचे तेव्हा २२,५०,३५८ रुपये कर्ज शिल्लक असते आणि फंडात काहीतरी जमलेले असते. त्याने फंड विकला, कर भरला, कर्ज चुकते केले आणि तरीही २०,०७० हून जास्त उरले, तर फंड जिंकला. म्हणजे त्याला करानंतर २२.७० लाख लागतात. एवढी एकच रेषा डोळ्यांसमोर ठेवायची.

फंडात घातले तर

१०५ महिने पंधरा हजार म्हणजे १५.७५ लाख घातले जातात. फंड शेअर बाजाराचा असेल, तर एक वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या युनिटवरचा नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त, त्यापुढे साडेबारा टक्के आणि वर चार टक्के उपकर, म्हणजे एकूण तेरा टक्के. २३ जुलै २०२४ पासून हा दर आहे. सगळे युनिट एकाच वर्षी विकले असे धरून हिशेब असा येतो:

| फंडाचा वार्षिक परतावा | जमलेली रक्कम | करानंतर हातात | २२.७० लाखांच्या तुलनेत |
|---|---|---|---|
| ६ टक्के | २०.४९ लाख | २०.०४ लाख | २.६६ लाख कमी |
| ९ टक्के | २३.४३ लाख | २२.५९ लाख | ११ हजार कमी |
| १० टक्के | २४.५० लाख | २३.५२ लाख | ८२ हजार जास्त |
| १२ टक्के | २६.८० लाख | २५.५३ लाख | २.८३ लाख जास्त |

भाच्याला मी सगळ्यात आधी नऊ टक्क्यांची ओळ दाखवली. आठ टक्क्यांच्या कर्जापुढे नऊ टक्के देणारा फंडही थोडा मागे पडतो. बरोबरी होते ती साधारण ९.१ टक्क्यांवर. मधला एक टक्का जातो कुठे? त्याची दोन कारणे आहेत. कर्जाचे आठ टक्के महिन्या-महिन्याने आकारले जातात आणि चक्रवाढीने ते वर्षाला ८.३० टक्के होतात. फंडाचा परतावा मात्र आधीच वार्षिक भाषेत सांगितलेला असतो. म्हणून ८ आणि १२ ही तुलनाच सरळ नाही, ती ८.३ आणि १२ अशी हवी. उरलेला फरक कराचा आहे.

कराचा भाग कमी करता येतो. दरवर्षी मार्चच्या आत, वर्षाहून जुन्या युनिटांवर जेवढा नफा सव्वा लाखाच्या आत बसतो तेवढे युनिट विकायचे आणि तीच रक्कम परत गुंतवायची. त्यामुळे खरेदीची किंमत वर सरकते आणि शेवटी एकदम करपात्र होणारा नफा कमी राहतो. हे दरवर्षी नेमाने केले, तर बरोबरीची रेषा ९.१ वरून ८.३ कडे सरकत जाते. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते आणि तिचे बारा महिने वेगळे मोजले जातात. विकताना सर्वांत जुने युनिट आधी जातात. वर्षाच्या आतले युनिट विकले तर २० टक्के कर आणि बहुतेक शेअर फंडांत एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचे शुल्कही लागते.

दुसरी सोय त्यांच्या घरातच आहे. भाचेसून स्वतःच्या पगारातून स्वतःच्या नावाने एसआयपी करील, तर सव्वा लाखाची सवलत तिला तिची वेगळी मिळेल. मात्र पैसे तिचेच हवेत. नवऱ्याने दिलेल्या पैशांतून बायकोच्या नावाने गुंतवले, तर नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो.

त्या तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते. फंड चांगला चालला तर पावणेनऊ वर्षांनी पावणेतीन लाखांचा फायदा, आणि वाईट चालला तर जवळजवळ तेवढाच तोटा. ही रक्कम लहान नाही, पण दोन्ही पक्ष बोलताना जेवढी मोठी करून सांगतात तेवढीही नाही.

व्याजावरची करसवलत

इथे घोळ सर्वांत जास्त होतो. "व्याजावर करसवलत मिळते, म्हणून कर्ज फेडू नये" असे ऑफिसात कुणीतरी सांगतो आणि ऐकणारा ते धरून बसतो.

राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. भाच्याचा हिशेब २०२५-२६ च्या दरांनी करून पाहिला. नव्या प्रणालीत १६ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १५.२५ लाखांवर उपकरासह १,१३,१०० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत ५० हजार प्रमाणित वजावट, ८० सीचे दीड लाख आणि घराच्या व्याजाचे दोन लाख सगळे धरले, तरी १२ लाखांवर १,७९,४०० येतो. म्हणजे घरकर्ज असूनही त्याला नवीनच स्वस्त पडते. मग त्याच्यासाठी व्याजावरची सवलत शून्य आणि कर्जाची किंमत पुरे आठ टक्के.

ज्यांना भरपूर घरभाडे भत्ता किंवा इतर वजावटींमुळे जुनी प्रणाली परवडते, त्यांनी आणखी एक बारकावा पाहावा. ४० लाखांवर पहिल्या वर्षाचे व्याज तीन लाखांच्या वर आहे आणि वजावट मिळते दोनच लाखांची. अशा वेळी थोडे प्रीपेमेंट करून व्याज तीनचे पावणेतीन झाले, तरी सवलत एक रुपयानेही घटत नाही. म्हणजे तो वाचलेला रुपया पूर्ण आठ टक्क्यांनीच वाचला. वर्षाचे व्याज दोन लाखांच्या खाली उतरल्यावर, म्हणजे आठ टक्क्यांनी शिल्लक कर्ज साधारण २५ लाखांच्या आत आल्यावर, प्रत्येक प्रीपेमेंटबरोबर सवलतही जाऊ लागते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला तिथून पुढे कर्ज फक्त साडेपाच टक्क्यांना पडते. तेव्हा ते फेडण्याची घाई करण्यात अर्थ नाही. साडेपाचपुढे तर सध्या ७.१ टक्के करमुक्त देणारा पीपीएफही जोखमीशिवाय पुढे जातो, पंधरा वर्षांची अडकण चालत असेल तर. आणि नवरा-बायको दोघे सहमालक असून दोघेही हप्ता भरत असतील, तर दोघांना दोन-दोन लाख मिळतात आणि ही स्थिती पहिल्या वर्षापासूनच असते.

म्हणून एकूण सवलत किती मिळते हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. आज जादा भरलेल्या रुपयामुळे सवलत किती कमी होईल, हे विचारायचे.

प्रीपेमेंटचा खरा प्रतिस्पर्धी

कर्ज फेडणे हा खात्रीचा ८.३ टक्के परतावा आहे आणि त्यावर कर नाही. मग त्याची तुलना खात्रीच्या गोष्टींशी आधी व्हायला हवी. एफडीवर साडेसहा टक्के मिळत असतील, तर भाच्याच्या टप्प्यात उपकरासह १५.६ टक्के कर जाऊन उरतात साडेपाच. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या, रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या डेट फंडाचा नफाही कितीही वर्षे ठेवला तरी टप्प्याप्रमाणेच करपात्र आहे. करानंतर ८.३ मिळवायचे तर एफडीने त्याला ९.८ टक्के आणि तीस टक्केवाल्याला बारा टक्के द्यायला हवेत. विश्वासाच्या बँकेत असा दर मिळत नाही.

त्यामुळे डेट फंड की प्रीपेमेंट, आरडी की प्रीपेमेंट, या प्रश्नांना उत्तर एकच आहे: प्रीपेमेंट. जुन्या प्रणालीत पूर्ण सवलत घेणाऱ्यांचा अपवाद सोडला तर यात तडजोड नाही. तरीही किती घरांत आठ टक्क्यांचे कर्ज आणि साडेसहाची एफडी शेजारी शेजारी नांदतात! भाच्याकडेही सहा लाखांची एफडी निघाली. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ७३ हजार लागतात. सहा महिन्यांची सोय म्हणून त्यातले साडेचार लाख ठेवले आणि उरलेले दीड लाख कर्जात भरायला लावले. एवढ्यानेच शेवटचे वर्षभराचे हप्ते कमी झाले.

शेअर फंडाशी तुलना उरते ती त्यानंतर, आणि ती खात्रीची नाही. निफ्टीने जानेवारी २००८ मध्ये ६,३०० ची पातळी गाठली, मग तो कोसळला, २०१० च्या दिवाळीत तिथवर परत पोचला, पुन्हा खाली आला आणि २०१३ च्या अखेरीस ती पातळी पार करून पुढे गेला. या काळात एसआयपी करणाऱ्याला खालचे भावही मिळाले, त्यामुळे एकरकमी घालणाऱ्याइतके त्याचे हाल झाले नाहीत. पण सहा वर्षे खाते उघडून पाहण्याची हिंमत राखावी लागली. २०२० मध्ये जानेवारी ते मार्च एवढ्यातच निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता. तशी घसरण नेमकी १०५ व्या महिन्याच्या तोंडावर आली, तर बारा टक्क्यांनी जमलेले २६.८० लाखही कर्जाच्या २२.५० लाखांच्या खाली जातील. तेव्हा विकायचे नाही, हप्ता भरत थांबायचे, एवढी तयारी असेल तरच या वाटेला जावे.

कर्जाची बाजूही स्थिर नसते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० वर गेला. २.७५ स्प्रेडचे कर्ज तेवढ्यात ६.७५ चे ९.२५ झाले. असे पुन्हा झाले तर फंडाला गाठायची रेषाही दहाच्या वर जाते. कर्ज कमी केलेल्याला अशा वाढीची झळ कमी लागते, हा प्रीपेमेंटचा फायदा कुठल्या तक्त्यात दिसत नाही.

अडचणीच्या दिवशी काय हाती असेल

भाचेसूनबाईंशी माझे खरे बोलणे या मुद्द्यावर झाले. कर्ज डोक्यावर नको, ही तिची भावना मी मानतो. पण प्रीपेमेंट करून मुदत कमी केली, तरी पुढच्या महिन्याचा हप्ता तेवढाच राहतो. समजा, चार वर्षे पंधरा-पंधरा हजार कर्जात भरले आणि मग नोकरी गेली. ७.२० लाख भरलेले असतात, तरी बँक पुढच्या महिन्यात ३८,२२६ मागतेच. "आम्ही आधी खूप भरले आहे" हे तिथे चालत नाही. ते पैसे परत मागायचे तर टॉप-अप कर्जाचा अर्ज करावा लागतो, आणि नोकरी गेलेल्या माणसाला टॉप-अप कोण देणार? माझ्या टेबलासमोर अशी माणसे बसलेली मी पाहिली आहेत. शिस्तीने भरणारी होती, आणि त्यांना नाही म्हणावे लागे.

तेच ७.२० लाख फंडात असते आणि बाजार पडून तीस टक्के गेले असते, तरी पाच लाख उरतात. म्हणजे वर्षभराचे हप्ते आणि दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात. म्हणून सहा महिन्यांची सोय वेगळी ठेवल्याशिवाय प्रीपेमेंट सुरू करू नये, असे मी ठामपणे सांगतो. ती ठेवली की हा मुद्दा बराच सौम्य होतो.

दोन्हींच्या मधली एक सोय आहे. काही बँका घरकर्ज ओव्हरड्राफ्ट खात्याच्या रूपात देतात. जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर काढता येतात. दर थोडा जास्त असतो आणि पैसे सहज काढता येत असल्याने ते खर्चही सहज होतात. नवे कर्ज घेत असाल तर जरूर विचारा. चालू कर्ज तिकडे वळवण्याचा खर्च मात्र आधी काढून पाहावा लागतो.

मग या दोघांनी काय करावे?

भाचा चौतीस वर्षांचा आहे. पगारातून ईपीएफ कापला जातो, म्हणजे खात्रीची बचत आपोआप होते आहे. एफडीतला जादा भाग कर्जात गेला, सहा महिन्यांची सोय बाजूला आहे आणि शेअर बाजारात एक रुपयाही नाही. अशा घराने हे मासिक पंधरा हजार निफ्टीसारख्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या इंडेक्स फंडात घालावेत, असे माझे मत आहे, आणि बोनससारखी एकरकमी येणारी रक्कम कर्जात भरावी. पन्नाशी गाठलेल्या, निवृत्तीपर्यंत कर्ज संपवायचे असलेल्या माणसाला मी याच आकड्यांवर उलट सांगितले असते, कारण बाजार पडल्यावर थांबायला त्याच्याकडे वर्षे नसतात. आणि बाजार पडला की एसआयपी बंद करणाऱ्यातला आपण आहोत हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेही सरळ कर्ज फेडावे. ९.१ ची रेषा हप्ते न चुकवणाऱ्यासाठीच आहे.

भाचेसूनबाईंना मी एक कसोटी लिहून दिली. पंधरा हजार कर्जात भरले असते तर आजवर किती कामाला आले असते, तो आकडा दरवर्षी काढायचा आणि फंडाच्या करानंतरच्या किमतीशेजारी ठेवायचा. एक वर्षाने तो १.८७ लाख, तीन वर्षांनी ६.०८ लाख आणि पाच वर्षांनी ११.०२ लाख येतो. पहिल्या तीन वर्षांत फंड मागे असला तर काही ठरवू नये, एवढ्या काळात काहीही घडते. पाचव्या वर्षापासून मात्र तो मनावर घ्यावा. फंड बराच पुढे असेल तर त्यातला नफ्याचा भाग काढून कर्जात भरायलाही हरकत नाही. हे सूत्र एक्सेलमध्ये कुणालाही घालता येईल:

```
=FV(8%/12, 60, -15000)
=NPER(8%/12, -53226, 4000000)
```

पहिली ओळ पाच वर्षांची कसोटी देते. दुसरी ओळ पंधरा हजार जोडून ५३,२२६ भरले तर किती महिन्यांत कर्ज संपेल ते सांगते, उत्तर १०४.६. आपला दर, आपली शिल्लक आणि आपली रक्कम घालून पाहा. स्प्रेड कमी होऊन दर ७.४ झाला, तर बरोबरीची रेषा साडेआठच्या आत येते आणि फंडाची बाजू आणखी सोपी होते.

बोनस कर्जात भरताना एक काळजी घ्यावी. नेट बँकिंगवरून भरलेली रक्कम कधी आगाऊ हप्ता म्हणून धरली जाते, कधी मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला जातो. पहिल्या प्रकारात व्याज वाचतच नाही, दुसऱ्यात कमी वाचते. "पार्ट पेमेंट, मुदत कमी करावी" असे लेखी द्यावे आणि पुढच्या महिन्याचे विवरण उघडून व्याजाचा रकाना पाहावा. दीड लाख भरले असतील तर व्याज हजाराच्या आसपास उतरायला हवे, दर पंधरा हजारांमागे शंभर या हिशेबाने. महिन्याच्या दिवसांप्रमाणे थोडे मागेपुढे होईल. व्याज उतरलेच नसेल, तर त्याच आठवड्यात शाखेत जावे. नोंद दुरुस्त होईपर्यंत व्याज जुन्याच शिल्लकीवर चढत राहते.